दोन गाड्या सोडण्यात आल्या

अर्जुनरावांनी दीक्षाला केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा तिनेच पाठवलेली चार पानं त्यांच्या टेबलावर पसरलेली होती. दोन ठिकाणी पेनाने प्रश्नचिन्हं काढली होती.

"बस," ते म्हणाले. "हे मी दोनदा वाचलं. मला काही कळलं नाही. ‘टेबल लॉक झालं’ म्हणजे काय? कुठल्या टेबलाला कुलूप लागलं?"

अर्जुनराव चाकणच्या त्या कारखान्याचे प्लांट हेड. गाड्यांच्या ब्रेकचे भाग तिथे बनत. मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस, पण कॉम्प्युटरचं म्हटलं की हात वर करायचा. दीक्षा तिथल्या सॉफ्टवेअर विभागाची प्रमुख. विभाग म्हणजे ती धरून चार माणसं, जिन्याखालची एक खोली आणि मालाच्या रवानगीचं सगळं काम ज्यावर चालतं ती एक प्रणाली. पेटीवरचं लेबल छापायचं, बिल काढायचं, माल रस्त्यावर नेण्यासाठी लागणारं सरकारी ई-वे बिल काढायचं, गेटपास द्यायचा, सगळं तीच करायची. सोमवारी दुपारी तीच प्रणाली तासभर बंद पडली होती.

"एक पान दे मला," अर्जुनराव म्हणाले. "मराठीत. फायनान्सच्या सुमनताईंना कळेल, शॉप फ्लोअरच्या सुपरवायझरांना कळेल असं. काय झालं, का झालं, परत होऊ नये म्हणून काय करणार. बस."

"देते सर. फक्त त्यात कोणाचं नाव नसेल."

"का?"

"नाव घातलं की सगळे नावच वाचतात. कारण कोणी वाचत नाही. पुढच्या वेळी मग माणसं खरं सांगत नाहीत."

अर्जुनरावांनी चारही पानं गोळा करून तिच्याकडे सरकवली. "तुझं तू बघ. मला पान हवंय."

ती बाहेर आली. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की मगाशी केबिनमध्ये जाताना आपल्याला भीती वाटायला हवी होती. ती वाटली नव्हती. सोमवारपासून काहीच वाटत नव्हतं. सोमवारी त्या तासात तिचे हात भराभर चालले होते, तोंड चाललं होतं, चार फोन एकदम वाजत होते आणि तिने प्रत्येकाला नीट उत्तर दिलं होतं. मग सगळं सुरू झालं, लोक आपापल्या जागी गेले, आणि तिच्या आत कोणीतरी बटण बंद करून निघून गेल्यासारखं झालं. कँटीनमध्ये पोह्यांत मीठ नव्हतं म्हणून सगळे ओरडत होते. तिने ते पोहे संपवले होते.

खोलीत निरंजन तिची वाट पाहत बसला होता. पंचवीस वर्षांचा मुलगा, नोकरीला दोन वर्षं झालेली. सोमवारचा बदल त्याच्या हातून गेला होता.

"मॅडम, माझं नाव..."

"नाही येणार."

"पण मीच तर बटण दाबलं."

"तू दाबलंस. मी तपासून हो म्हटलं. चाचणीत पास झालं होतं. दाबणारा दुसरा असता तरी हेच झालं असतं." ती हे सगळं सरळ आवाजात म्हणाली. निरंजनचे डोळे भरून आले. तिने त्याच्यापुढे पाण्याची बाटली सरकवली आणि कॉम्प्युटर चालू केला.

झालं होतं ते असं. त्यांच्या मोठ्या ग्राहकाने कळवलं होतं की शुक्रवारपासून पेटीवरच्या लेबलाचा नंबर बदलणार. आधी नुसते आकडे असायचे, आता अक्षरंही येणार. रवानगीच्या नोंदवहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये, त्या नंबराची जागा फक्त आकड्यांसाठी केलेली होती. तिथे अक्षरं बसावीत म्हणून तिचा प्रकार बदलायचा होता. एका ओळीचा हुकूम. चाचणीच्या डेटाबेसवर तो डोळ्याची पापणी लवायच्या आत झाला. म्हणून कोणी गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीची वाट पाहिली नाही. जेवणाच्या सुट्टीत करून टाकू म्हणाले.

पण चाचणीच्या डेटाबेसमध्ये पाच-सातशे नोंदी होत्या. खऱ्यामध्ये कारखाना सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या. प्रकार बदलायचा म्हणजे डेटाबेस प्रत्येक जुनी नोंद उचलून नव्याने लिहून काढतो, आणि ते होईतो त्या नोंदींना कोणाला हात लावू देत नाही. डिस्पॅचच्या, म्हणजे रवानगीच्या, खिडकीतल्या कॉम्प्युटरचा पडदा गोठला. मागोमाग लेबलं थांबली, बिलं थांबली, गेटवर ट्रक एकामागे एक लागले.

निरंजनने जे शिकवलं होतं तेच केलं. नवी आवृत्ती काढून जुनी परत लावली. पडदा गोठलेलाच राहिला. सर्व्हर बंद करून चालू केला. तरी तेच. त्या गडबडीत बराच वेळ गेला. जुनी आवृत्ती परत आली तरी डेटाबेसला दिलेला तो हुकूम आत एकटाच चालू होता, हे दीक्षाच्या लक्षात उशिरा आलं. तिने तो मधेच थांबवला. त्याच क्षणी सगळं मोकळं झालं.

आता हे अर्जुनरावांना कळेल असं लिहायचं. तिने बराच वेळ कोऱ्या पडद्याकडे पाहिलं. मग तिला वार्षिक स्टॉकमोजणी आठवली. मोजणीच्या दिवशी स्टोअरला कुलूप असतं. माल आत येत नाही, बाहेर जात नाही. कारखान्यात हे सगळ्यांना माहीत.

तिने लिहिलं: ‘सोमवारी आपल्या प्रणालीच्या स्टोअरमध्ये भर दुपारी स्टॉकमोजणी सुरू झाली असं समजावं. प्रत्येक पेटीवरची जुनी चिठ्ठी काढून नवी लावायची होती, आणि तोवर स्टोअरला कुलूप होतं. चाचणीच्या स्टोअरमध्ये एकच रॅक होता, म्हणून तिथे हे काम लगेच उरकलं. खऱ्या स्टोअरमध्ये शेकडो रॅक आहेत, हे आपण मोजून पाहिलं नव्हतं. अडचण आल्यावर आपण काउंटरवरचा माणूस बदलला, पण कुलूप आतल्या बाजूने होतं. ते काढायला वेळ लागला.’

त्याखाली उपाय लिहिले. असे बदल गुरुवारीच होतील. चाचणीचा डेटाबेस खऱ्याएवढा भरलेला असेल. हुकूम ठरलेल्या वेळेत संपला नाही तर आपोआप थांबेल. काही बिघडलं तर आधी आतलं कुलूप बघायचं, मग काउंटर.

परिणाम या मथळ्याखाली तिने लिहिलं: ‘लेबल व बिल छपाई तासभर बंद होती. ग्राहकाची असेंब्ली लाइन थांबू नये म्हणून या काळात दोन गाड्या हाताने लिहिलेल्या कागदी डिलिव्हरी चलनावर, ई-वे बिलाशिवाय सोडण्यात आल्या. प्रणाली सुरू झाल्यावर त्यांच्या नोंदी करण्यात आल्या.’

वाक्य साधं होतं. खरं होतं. कोणाचं नाव नव्हतं.

संध्याकाळी कंपनीची बस मोशीच्या पुढे अडकली. दीक्षा संत तुकाराम नगरला घरी पोहोचली तेव्हा तिचे वडील भीमराज टीव्ही मोठ्याने लावून बसले होते. पिंपरीतल्या एका कारखान्यात त्यांनी तीस-एक वर्षं प्रेसवर काढली होती. पगार तिथून मिळाला आणि बहिरेपणही. दीक्षाने टीव्ही बारीक केला. "बाबा, एक ऐका. कळतंय का सांगा," म्हणून तिने कानाशी जाऊन पान वाचून दाखवलं.

"कळलं की," भीमराज म्हणाले. "स्टोअरला कुलूप. आमच्याकडे मोजणीला चार-चार दिवस बंद असायचं. झोपायची लोकं." मग म्हणाले, "मग त्या दोन गाड्या कशा गेल्या?"

"हाताने चलन लिहून."

"कोणी लिहिलं?"

"डिस्पॅचवाल्यांनी कोणीतरी."

"बरं," ते म्हणाले आणि टीव्ही पुन्हा मोठा केला. आई, चिमाबाई, आतून जेवायला हाक मारत होती. दीक्षा जेवली. काय जेवली ते तिला नंतर आठवलं नाही.

पान सगळ्यांना आवडलं. अर्जुनरावांनी बैठकीत ते स्वतः वाचून दाखवलं. स्टॉकमोजणीपाशी प्रॉडक्शनचे लोक हसले. सुमनताई म्हणाल्या, "असं लिहून दिलं तर आम्हाला कशाला त्रास होईल! किती शांतपणे लिहिलंय." दीक्षा त्यांना "थँक्यू मॅडम" म्हणाली. शांतपणा कुठून आला होता ते तिचं तिला माहीत होतं. ते पान लिहिताना तिला काहीही वाटत नव्हतं, एवढंच.

सुमनताईंनी दोन गाड्यांच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली, हे तिने टेबलाच्या या बाजूने पाहिलं. त्याचं पुढे काय होईल याचा विचार तिच्या मनात आला नाही.

गुरुवारी सुट्टीच्या दिवशी त्यांनी तोच बदल पुन्हा केला. मशीन बंद, शेड रिकामं, फक्त सिक्युरिटीवाले आणि हे चौघं. निरंजनने आदल्या दिवशी खऱ्याएवढ्या डेटावर चाचणी घेतली होती. काम ठरल्याप्रमाणे झालं. निरंजनने मूठ वर केली, दीक्षाने मान हलवली.

शुक्रवारी सकाळी नवं लेबल नीट निघतंय का पाहायला ती डिस्पॅचला गेली. खिडकीत एक नवा माणूस बसला होता. त्याला लेबलाचा रोल उलटा बसवलाय हेही कळत नव्हतं.

"समाधान कुठंय?" तिने विचारलं. समाधान हा डिस्पॅचचा क्लार्क. ठेकेदाराकडचा माणूस, परभणीकडचा. प्रणालीत काही अडलं की तोच फोन करायचा आणि प्रत्येक फोनच्या सुरुवातीला "मॅडम, जेवण झालं का?" विचारायचा, मग सकाळचे नऊ का वाजलेले असेनात.

"त्याला काढलं," नवा म्हणाला.

"कधी?"

"परवा. गेट बंद केलं त्याचं." त्याने तिच्याकडे जरा आश्चर्यानेच पाहिलं. "तुमच्याच रिपोर्टात आलं होतं ना, मॅडम? बिल नसताना गाड्या सोडल्या म्हणून."

दीक्षाने रोल काढला, सुलटा बसवला, एक लेबल छापून पाहिलं. नंबर बरोबर होता. अक्षरं नीट आली होती. ते लेबल तिने हातात धरलं आणि लक्ष्मणरावांच्या केबिनकडे चालू लागली.

लक्ष्मणराव डिस्पॅचचे मॅनेजर. वर्षभरात निवृत्त होणार होते. मूळचे तिथलेच, महाळुंगेच्या बाजूचे. कारखाना आला त्या वर्षीच लागलेले. तिला पाहून त्यांनी खुर्ची दाखवली.

"समाधानला काढलं?"

"आपण नाही काढलं. ठेकेदाराने काढलं," लक्ष्मणराव म्हणाले. "सुमनताईंचा मेल आला, ई-वे बिल नसताना गाडी रस्त्यावर गेलीच कशी म्हणून. वाटेत तपासणी पथकाने धरली असती तर कंपनीचं नाव गेलं असतं. चलनावर सही कोणाची? त्याची. ठेकेदाराला कळवलं. तो म्हणाला, बदली माणूस देतो."

"पण तुम्ही सांगितलं होतं त्याला."

लक्ष्मणरावांनी समोरचं रजिस्टर मिटलं.

"मी फोनवर होते," दीक्षा म्हणाली. "तुम्ही मला विचारत होता, अजून किती वेळ. आणि मागे वळून ओरडलात. ‘लिही रे हाताने, आणि सोड गाडी.’ मी ऐकलं ते."

"मग?" त्यांचा आवाज चढला नाही. "सांगितलं. तिकडून दर मिनिटाला फोन येत होता. त्यांची लाइन थांबली असती तर आज आपण दोघंही इथं बसलो नसतो. परत तशी वेळ आली तर परत सांगीन."

"मग सांगा ना तसं."

"कोणाला? अगं, माझं एक वर्ष राहिलंय. तो तरणाताठा पोरगा आहे, या पट्ट्यात कामाला काय तोटा? ठेकेदार लावील कुठंतरी." मग ते पुढे झुकले. "आणि तू मला शिकवू नकोस. तू निरंजनला झाकलंसच ना?"

"मी कोणाचंच नाव घातलं नाही."

"नाही घातलंस. व्हय, खरंय." बोलता बोलता त्यांची गावाकडची भाषा वर आली. "पन ज्याची सही कागदावर होती, त्याचं नाव घालायची गरजच न्हवती."

ती उठली. दारापर्यंत गेली, परत आली. हातातलं लेबल त्यांच्या टेबलावर ठेवलं. "नवं लेबल बरोबर येतंय," म्हणाली आणि निघाली.

समाधानचा नंबर प्रणालीतच होता. खातं बंद केलेलं दिसत होतं, तारखेसकट. जेवणाच्या सुट्टीत तिने पार्किंगमध्ये उभं राहून फोन लावला.

"मॅडम!" तो म्हणाला. "जेवण झालं का?"

"झालं." झालं नव्हतं. "कुठे आहेस?"

"रूमवरच हाय. कुरुळीला. ठेकेदार म्हणतोय, थांब आठवडाभर, बघू." पाठीमागे कुकरची शिट्टी झाली. "मॅडम, एक इचारू का? राग नका मानू."

"विचार."

"तुमच्या रिपोर्टात माझं नाव होतं का?"

"नाही. कोणाचंच नव्हतं."

"हां. मग मला कसं काय काढलं ओ?"

त्याने हे खरोखरच विचारलं होतं. टोमणा नव्हता त्यात. ज्याला कॉम्प्युटर कळतो त्याला हेही कळत असेल, अशा समजुतीने विचारलं होतं. दीक्षाने "बघते मी" म्हटलं. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आता आपल्याला रडू येईल. ती थोडा वेळ थांबली. समोर एक कंटेनर मागे घेत होते, हेल्पर मागच्या पत्र्यावर थापा मारत होता. रडू आलं नाही. ती खोलीत परत गेली.

दुपारभर तिने ते पान उघडून ठेवलं. ‘सोडण्यात आल्या.’ हिंजवडीतल्या आपल्या आधीच्या कंपनीत ती हेच शिकली होती. अशा नोंदीत माणूस आणायचा नाही, व्यवस्था आणायची. तत्त्व चुकीचं नव्हतं. पण तिथे सगळे एकाच रजिस्टरवरचे होते. नाव गाळलं की सगळेच सारखे झाकले जायचे. इथे ठेक्यावरचा माणूस त्या पांघरुणाच्या बाहेरच झोपला होता. आणि एक गोष्ट तिला हळूहळू दिसायला लागली. स्टॉकमोजणीचा परिच्छेद तिने तीनदा लिहून पाहिला होता. ही ओळ एका झटक्यात लिहिली होती. डेटाबेस का अडला याचं कारण तिने शोधलं होतं. गाड्या बिलाशिवाय का गेल्या, याचं कारण तिने विचारलंच नव्हतं. ते आपल्या विभागाचं नाही म्हणून.

निरंजन मागून वाचत होता. "मॅडम, परत काय बदलताय? सर म्हणाले ना, छान आहे."

"एक वाक्य चुकलंय."

तिने ती ओळ काढली आणि तिथे लिहिलं: ‘प्रणाली बंद पडल्यास माल कसा पाठवायचा, याची लेखी पद्धत कारखान्यात नाही. ती तयार करायला सॉफ्टवेअर विभागाने कधी सांगितलं नाही आणि व्यवस्थापनाने कधी मागितली नाही. त्यामुळे डिस्पॅच विभागप्रमुखांना तो निर्णय ऐन वेळी, तोंडी घ्यावा लागला. ग्राहकाची लाइन चालू ठेवण्यासाठी त्यांनी दोन गाड्या कागदी चलनावर सोडायला सांगितलं. क्लार्कने सांगितल्याप्रमाणे चलन लिहून सही केली. या सूचनेच्या वेळी मी फोनवर होते. आधीच्या नोंदीत हे मी लिहिलं नव्हतं. ती त्रुटी माझी.’

नाव तरीही कोणाचं नव्हतं. फक्त वाक्यांना कर्ते आले होते.

पाठवायच्या आधी तिने प्रत काढली आणि लक्ष्मणरावांकडे नेली. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून सावकाश वाचलं. शेवटाला पोहोचल्यावर पुन्हा वर गेले.

"‘घ्यावा लागला’ लिहिलंयस," ते म्हणाले.

"लागलाच ना."

"हं." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "पाठवायचा तर पाठव. नाही तर नको पाठवू. मला विचारू नकोस. मी हो म्हणणार नाही."

"मग ‘नाही’ तरी म्हणता का?"

त्यांनी फोन उचलला आणि कुठल्यातरी वाहतूकदाराशी बोलायला सुरुवात केली. मग खोलीत जाऊन तिने मेल पाठवला, आधी ज्यांना ज्यांना गेला होता त्या सगळ्यांना.

शनिवारी अर्जुनरावांनी बोलावलं. सुमनताई आधीच बसल्या होत्या.

"रिपोर्ट एकदा गेला की गेला," अर्जुनराव म्हणाले. "ही काय पद्धत? उद्या प्रत्येक जण आपापला सुधारून पाठवेल."

"चूक सापडली तर सुधारायलाच पाहिजे, सर."

"काय चूक होती? ते कुलुपाचं चुकलं?"

"ते बरोबर आहे. गाड्यांचं चुकलं. गाड्या आपोआप सुटल्यासारखं लिहिलं होतं मी. मग तुम्ही सहीवरून माणूस शोधलात. तुमचीही चूक नाही, माझ्या वाक्यातून दुसरा माणूस दिसतच नव्हता."

सुमनताईंनी कपाळाला आठी घातली. "बाई, पण बिल नसताना गाडी जायला नको होती, हे तर खरं ना?"

"खरं आहे. मग पुढच्या वेळी काय करायचं ते ठरवून द्या. सरकारी पोर्टल चालूच होतं, मॅडम. आपली प्रणाली बंद होती. तिथे थेट जाऊन हाताने बिल काढता आलं असतं, पण डिस्पॅचकडे त्याचा पासवर्डच नाही. तो तुमच्या विभागाकडे असतो."

हे सुमनताईंना ठाऊक होतं, पण त्या दिवशी कोणी त्यांना फोन केला नव्हता, आणि त्यांनीही कोणाला केला नव्हता.

अर्जुनरावांनी लक्ष्मणरावांना बोलावून घेतलं. ते आले, उभेच राहिले.

"लक्ष्मणराव, हे असंच झालं का?"

दीक्षाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. टेबलाच्या काचेखाली गेल्या दिवाळीचा सगळ्या मॅनेजरांचा फोटो होता, त्याकडे पाहत राहिली.

"मीच सांगितलं," लक्ष्मणराव म्हणाले. "पोराने लिहिलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"कोणी विचारलं नाही."

अर्जुनरावांनी उसासा टाकला आणि फोन उचलून एचआरला लावला. ठेकेदाराला कळवा म्हणाले, त्या मुलाबद्दल आपली काही हरकत नाही. मग लक्ष्मणरावांना म्हणाले, "तुम्हाला एक ताकीदीचं पत्र द्यावं लागेल. फाइलला." लक्ष्मणरावांनी "द्या" म्हटलं आणि गेले. दीक्षाला वाटलं, ते दाराशी वळून काहीतरी बोलतील. ते वळले नाहीत. त्या दिवसापासून कामापुरतं बोलायचे. कँटीनमध्ये तिच्या टेबलाकडे यायचे थांबले.

बिघाडाच्या वेळची पद्धत लिहायला पुढचा आठवडा गेला. सुमनताईंनी पोर्टलचा एक वेगळा पासवर्ड डिस्पॅचला द्यायचं कबूल केलं. आधी नको म्हणाल्या, मग दिला. कागदी चलन लिहायची वेळ आलीच तर सांगणाऱ्याची सही आधी, लिहिणाऱ्याची नंतर, असं ठरलं. लक्ष्मणरावांनी मसुद्यात दोन दुरुस्त्या सुचवल्या. दोन्ही बरोबर होत्या. दीक्षाने त्या घेतल्या.

समाधान मात्र आला नाही. ठेकेदाराने त्याला मधल्या दिवसांत तळेगावच्या एका गोडाउनमध्ये लावून टाकलं होतं. दीक्षाने पुन्हा फोन केला.

"कळलं मॅडम, सांगितलं मला ठेकेदारानं. तुमी बोललात म्हणून. लई उपकार झाले."

"उपकार कसले? परत येतोस का? तुझी जागा आहे."

तिकडे कोणीतरी पेट्या मोजत होतं, एकामागून एक आकडे ऐकू येत होते. "काय सांगू? इथं पत्र्याखाली लई गरम होतं. लांब पण पडतं. पण सुपरवायझर बरा हाय. काय सांगायचं तर लिहून देतो. मीच मागून घेतो आता." तो हसला. "बघतो मॅडम. महिना भरू द्या."

महिना भरला आणि त्याचा फोन आला नाही. तिनेही केला नाही. खिडकीतल्या नव्या माणसाला आता रोल नीट बसवता येत होता.

एका संध्याकाळी कंपनीची बस चुकली म्हणून दीक्षाने चाकणहून पीएमपीची बस धरली होती, ती नाशिक फाट्याला अडकली होती. शेजारची बाई कोणाशी तरी फोनवर भांडत होती, मग रडायला लागली, मग खिडकीकडे तोंड करून गप्प झाली. दीक्षाने पर्समधून रुमाल काढून तिला दिला. त्या बाईने घेतला, नाक पुसलं आणि विचारलं, "तुम्ही चाकणला कुठे?"

दीक्षाने कंपनीचं नाव सांगितलं.

"काम कसं असतं तिथे?"

"ठीक असतं," दीक्षा म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला मध्यंतरी काहीच वाटेनासं झालं होतं." ओळखदेख नसलेल्या बाईला हे का सांगितलं ते तिलाही कळलं नाही. त्या बाईने मान हलवली. तिलाही कधीतरी तसंच झालं असावं.

"आता वाटतं?"

"थोडं थोडं."

बस हलली. दोघी आपापल्या बाजूला पाहू लागल्या.